स्लॅबचं काँक्रीट: 1.54 ने गुणल्यावर सिमेंट आणि खडी जुळते, वाळूच का जुळत नाही?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. मखमलाबादला घरावर वरचा मजला चढवतोय. मटेरियल आमचं, लेबर ठेकेदाराचं असा ठराव आहे, त्यामुळे माल मागवणं माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात स्लॅब टाकायचा आहे.

स्लॅब 30 फूट बाय 20 फूट, जाडी 5 इंच, म्हणजे 250 घनफूट. बीमचा स्लॅबच्या खाली उतरणारा भाग साधारण 50 घनफूट. एकूण 300. इंजिनिअरने एम20 सांगितलंय, ठेकेदार 1:1.5:3 धरतो. मी असा हिशोब केला:

```
300 × 1.54 = 462 घनफूट (सुका माल)
1 + 1.5 + 3 = 5.5
सिमेंट = 462 ÷ 5.5 = 84 घनफूट
वाळू  = 84 × 1.5 = 126 घनफूट = 1.26 ब्रास
खडी   = 84 × 3   = 252 घनफूट = 2.52 ब्रास
```

सिमेंटची गोणी 1.226 घनफुटाची धरली (50 किलो, घनता 1440), म्हणजे साडेअडुसष्ट, म्हणून 69 गोण्या.

ठेकेदाराची यादी अशी: सिमेंट 70 गोण्या, खडी अडीच ब्रास, वाळू 2 ब्रास. सिमेंट आणि खडी माझ्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. वाळू मात्र पाऊण ब्रासने जास्त. माणूस वाईट नाही, शेजारचं कामही त्यानेच केलंय. मग ही पाऊण ब्रास कशासाठी? 1.54 वाळूला वेगळा लागतो का?

सातपूरकर

वेगळा नाही लागत, तिन्हीला तोच. 1.54 म्हणजे पाणी टाकल्यावर माल आकसतो, अधिक थोडा वाया जातो, त्या दोन्हींची तजवीज. पाऊण ब्रास जास्तीची मागवायची काही गरज नाही. ठेकेदार उरलेली वाळू दुसऱ्या साइटवर नेतात, नेहमीचंच आहे.

पंचवटीचा_मुकादम

सातपूरकर भाऊ, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. साइटवर वाळू नेहमी जास्तच लागते, हे कागदावर बसणाऱ्याला कळत नाही. मी तर 1.54 वापरतच नाही. मिक्सरवर 10/7 लिहिलेलं असतं, 10 घनफूट सुका माल टाका, 7 घनफूट ओला निघतो. म्हणजे 1.43. मशीन बनवणारा खोटं लिहील का?

कोथिंबीरवडी

मला यातलं काही कळत नाही, पण स्लॅब पडल्यावर मजुरांना जेवण द्यायची पद्धत असेल तर मखमलाबादचा पत्ता टाका. 😄

देवळालीकर

फार महत्त्वाचा धागा. आमच्या इमारतीच्या टाकीच्या स्लॅबला रेडीमिक्स मागवलं होतं. कमिटीतल्या एकाने कुठेतरी वाचून घनमीटर 1.54 ने गुणले. गाडी आली, स्लॅब भरला, आणि ड्रममध्ये तिसरा हिस्सा तसाच शिल्लक. शेवटी पार्किंगमधले खड्डे भरले, उरलेलं मागच्या पडीक जागेत ओतलं, पैसे मात्र पूर्ण मोजले. तुमचे 300 घनफूट म्हणजे साडेआठ घनमीटर, तुम्ही तेरा मागवणार होतात का?

मखमलाबादकर

@देवळालीकर नाही हो, रेडीमिक्स नाहीये. आमच्या गल्लीत ट्रान्झिट मिक्सर शिरत नाही, म्हणून साइटवरच मिक्सर लावून करतोय. पण मुद्दा लक्षात आला. रेडीमिक्स ओल्या घनमीटरवर विकतात, तिथे गुणायचं काहीच नाही.

जुना_ओव्हरसियर

मखमलाबादकर, हिशोब तुमचा बरोबर आहे. ठेकेदाराचाही अर्ध्याहून जास्त बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगतो. पण आधी 1.54 कुठून येतो ते पाहू. सातपूरकरांनी जे लिहिलंय ते साइटवर सगळेच म्हणतात, पण तसं नाही.

घरीच करून बघा. दहा लिटरच्या बादलीत काठोकाठ कोरडी खडी भरा आणि मापाने पाणी ओता. साडेचार लिटरच्या आसपास पाणी आत मावेल आणि खडीची पातळी तिळभरही वर येणार नाही. तेवढी पोकळी खडीत होतीच. वाळूतही अशीच पोकळी असते, सिमेंटच्या पावडरमध्ये तर त्याहून जास्त. तुम्ही तिघांना वेगवेगळं मोजता तेव्हा प्रत्येकाची पोकळी आकड्यात धरली जाते. एकत्र कालवल्यावर वाळू खडीच्या फटीत बसते, सिमेंट आणि पाणी वाळूच्या फटीत बसतं. म्हणून 154 माप सुका माल कालवून 100 माप काँक्रीट होतं. पाण्याने काही आकसत नाही. वाया जाणारा माल यात धरलेलाच नाही, तो वेगळा धरायचा.

आता पडताळा. एका घनमीटरला तुमच्याच पद्धतीने सिमेंट 0.28 घनमीटर येतं, म्हणजे 403 किलो. वाळू 0.42, खडी 0.84. वाळू 1600 आणि खडी 1450 किलो प्रति घनमीटर धरा. आपली खडी काळ्या पाषाणाची, भरीव घनता 2850 च्या आसपास. भरीव घनफळ काढलं तर सिमेंट 0.128, वाळू 0.254, खडी 0.427, पाणी 0.2, अडकलेली हवा 0.02. बेरीज 1.03. म्हणजे 1.54 धरल्यावर तुमच्या हातात तीन टक्के जास्तच येतात. अंदाजाला हा आकडा पुरेसा आहे, त्याहून जास्त अचूकतेची त्याच्याकडून अपेक्षा नको.

मुकादम, 10/7 बद्दल. ते ड्रमचं माप आहे, मालाचा गुणक नाही. एका गोणीचा 1:1.5:3 चा घाणा म्हणजे पावणेसात घनफूट सुका माल, दहाच्या ड्रममध्ये आरामात मावतो आणि साधारण 4.4 घनफूट काँक्रीट देतो. तुमच्या स्वतःच्या मिक्सरवर एकदा मोजून बघा.

वाळूचं संध्याकाळी लिहितो, डॉक्टरांकडे जायचंय.

सातपूरकर

काका, पाणी मुरल्यावर आणि व्हायब्रेटर मारल्यावर काँक्रीट खाली बसतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते काय मग?

शिकाऊ_सिव्हिल

काकांच्या आधी मी एक विचारू का? आमच्या कॉलेजात सर 1.54 सांगतात, क्लासवाले 1.52, आणि एका पुस्तकात 1.57 आहे. आयएस 456 मध्ये शोधलं तर तिथे कुठलाच सापडला नाही. परीक्षेत काय लिहू?

आणि प्लास्टरला 1.33 का घेतात? तिथे 1.54 का नाही?

पंचवटीचा_मुकादम

काकांचं ऐकून आज घाणा मोजला. पत्र्याच्या चौकोनी ट्रेमध्ये ओतला, व्हायब्रेटर लावला. साडेचार घनफुटाच्या जरा आत. म्हणजे 1.5 च्या आसपास बसतंय. 1.43 मागे घेतो. पण वाळू जास्त लागते हे खरं आहे, त्यावर मी ठाम.

जुना_ओव्हरसियर

मुकादम, ठामच राहा, कारण वाळू खरंच जास्त लागते.

आधी सातपूरकर. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. ओतलेल्या काँक्रीटमध्ये हवा अडकलेली असते, व्हायब्रेटरने ती निघते आणि पातळी खाली जाते. पण 54 टक्क्यांत त्याचा वाटा किरकोळ. मोठा वाटा खडीच्या फटींचा.

आता वाळू. 1.54 चा हिशोब कोरड्या वाळूवर उभा आहे. तुमच्या साइटवर येते ती दमट. कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि तेवढ्याच वजनाची वाळू जास्त जागा घेते. चार-पाच टक्के ओलावा असला की वीस ते तीस टक्के फुगते. बारीक वाळू जास्त फुगते. गंमत अशी की पूर्ण भिजून पाण्याखाली गेली की ती पुन्हा खाली बसते आणि माप कोरड्याइतकं होतं. सिमेंट गोणीत वजनाने येतं, खडीला ओलाव्याने फरक पडत नाही. म्हणून मखमलाबादकरांच्या दोन वस्तू जुळल्या, तिसरी नाही.

25 टक्के फुगवटा धरा. 126 घनफुटाचे 157 झाले. ढिगाच्या तळाला मातीत मिसळणारी वाळू सोडून द्यावी लागते, तीही धरली तर एक ब्रास पंच्याहत्तर मागवणं रास्त आहे. तुमचा ठेकेदार हे अनुभवाने धरतो, कारण त्याला देता येत नसेल इतकंच.

पण दोन ब्रास मागवणं आणि दोन ब्रास घालणं यात फरक आहे. मागवा खुशाल. मिक्सरमध्ये किती जाते त्यावर लक्ष ठेवा.

गच्ची

हे फुगण्याचं प्रमाण घरी कसं काढायचं काका? आमचंही काम ऑगस्टमध्ये आहे, भर पावसात. वाळू तर चिंब असणार.

जुना_ओव्हरसियर

@गच्ची ताई, सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. ढिगाच्या आतली, वरची सुकलेली नव्हे, वाळू न दाबता दोन तृतीयांश भरा आणि पट्टीने उंची मोजा. समजा 20 सेंटीमीटर. वाळू काढून ठेवा, बरणीत अर्धं पाणी घ्या, तीच वाळू थोडी थोडी करून परत टाका आणि काठीने ढवळून बसू द्या. आता 16 सेंटीमीटर आली, तर फरक 4, भागिले 16, म्हणजे 25 टक्के. भागायचं दुसऱ्या उंचीने. बरेच जण पहिल्या उंचीने भागतात आणि 20 टक्के लिहितात.

पावसाळ्यात सकाळ-दुपार दोन्ही वेळा करा. ताडपत्री टाकली तरी ओलावा बदलतो.

शिकाऊ_सिव्हिल

काका, माझं राहिलं.

जुना_ओव्हरसियर

बाळा, तो आकडा आयएस 456 मध्ये नाही, म्हणून तुला सापडला नाही. आकडा खडीवर ठरतो. नुसती पाऊण इंची एकसारखी खडी असेल तर फटी जास्त, गुणक वर जातो. पाऊण इंची आणि अर्धा इंची मिसळली तर बारीक खडी मोठीच्या फटीत बसते, गुणक खाली येतो. 1.52 आणि 1.57 दोन्ही कुणाच्या ना कुणाच्या मालाला लागू असतील. तुझ्या कामात फरक दोन-तीन टक्क्यांचा, म्हणजे या 69 गोण्यांत जेमतेम दोन. परीक्षेत सर सांगतात ते लिही आणि धरलेला गुणक उत्तरात नमूद कर.

आयएस 456 मधला जो आकडा तुला कामाचा आहे तो असा: नॉमिनल एम20 ला एका गोणीमागे कोरडी वाळू आणि खडी मिळून जास्तीत जास्त 250 किलो, पाणी जास्तीत जास्त 30 लिटर. 1:1.5:3 चं वजन करून बघ, वाळू साधारण 83 किलो, खडी दीडशेच्या थोडी पुढे, मिळून 240 च्या आतबाहेर. म्हणजे प्रमाण आणि कोड एकमेकांना धरून आहेत.

पंचवटीचा_मुकादम

काका, एवढं सगळं साइटवर कोण करतं? आमचे लोक घमेल्याने मोजतात. गोणीला इतकी घमेली वाळू, इतकी खडी, ठरलेलं असतं. सकाळी घमेलं शीग लावून भरतात, संध्याकाळी दमले की काठाखाली. तिथे तुमचे 25 टक्के कुठल्या कुठे जातात.

जुना_ओव्हरसियर

तेच तर. म्हणून फरमा करून घ्या. सुताराला सांगा, आतून 40 बाय 35 बाय 25 सेंटीमीटर. बरोब्बर 35 लिटर, एका गोणीच्या सिमेंटइतकं. खडीचे तीन फरमे, वाळूचा कोरडी असेल तर दीड. 25 टक्के फुगलेली असेल तर दीडचे पावणेदोनपेक्षा थोडे जास्त. दुसरा फरमा वाळूसाठीच वेगळा, जरा जास्त उंचीचा करून घेतला तर मोजायचा घोळच नाही. वर पट्टी फिरवून सपाट करायचं, शीग नाही.

पाण्याचंही याच्याशीच जोडलेलं आहे. 83 किलो वाळूत पाच टक्के ओलावा म्हणजे चार लिटर पाणी आधीच आत गेलं. तिथे मिक्सरवाल्याने 30 ओतलं तर ते 34 होतं. डब्याने मोजून 26 च घालायला लावा.

देवळालीकर

पण मालक काही दिवसभर फरम्याशेजारी उभा राहणार नाही. चुकलं तर कळणार कसं?

जुना_ओव्हरसियर

रिकाम्या गोण्या मोजा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात पक्कं.

मखमलाबादकरांचा स्लॅब घ्या. समजा फुगवट्याच्या नावाखाली वाळू सैल हाताने पडली आणि खरी कोरडी दोन ब्रास प्रमाणात गेली. 69 गोण्यांमागे 200 घनफूट, म्हणजे 1:2.4:3 झालं. तिन्हीची बेरीज 84 अधिक 200 अधिक 252, 536 घनफूट. भागिले 1.54, साधारण 348 घनफूट काँक्रीट. पण स्लॅबला हवेत 300. म्हणजे स्लॅब 59 गोण्यांतच भरून जाईल आणि दहा गोण्या उरतील. लोक खूश होतात, सिमेंट वाचलं म्हणून. त्या दहा गोण्या स्लॅबमध्ये असायला हव्या होत्या.

उलटं झालं, म्हणजे फुगलेली वाळू कोरडी समजून दीडच फरमे घातली, तर खरी वाळू 1.2 च गेली. घाणा खरखरीत दिसतो, खडी सुटी सुटी राहते, बीमच्या कोपऱ्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. आणि काँक्रीट कमी निघतं म्हणून तीन-चार गोण्या जास्त लागतात.

दर दहा गोण्यांना किती स्लॅब भरला ते आखून ठेवा. दहा गोण्यांना 44 घनफूट, बीम आधी भरून झाल्यावर 5 इंची स्लॅबचे साधारण 105 चौरस फूट. तिथेच कळतं, स्लॅब संपायची वाट बघावी लागत नाही.

सातपूरकर

हे दहा गोण्यांचं कधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या स्लॅबला सात गोण्या उरल्या होत्या, आम्ही त्यात कंपाउंडची भिंत बांधली. आता त्या स्लॅबचं काय करावं?

जुना_ओव्हरसियर

सातपूरकर, नुसत्या सात गोण्यांवरून निकाल देणार नाही. मूळ हिशोबात वाया जाणारा माल किती धरला होता, स्लॅबची जाडी सगळीकडे पूर्ण आली का, हे माहीत नाही. जाडी पाचऐवजी साडेचार आली तरी गोण्या उरतात. काळजी वाटत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, रिबाउंड हॅमरने ढोबळ अंदाज येतो. इथे लिहून सुटणारा प्रश्न नाही तो.

गच्ची

क्रश सँडलाही हेच का? आमच्याकडे नदीची वाळू आता मिळतच नाही, सगळी क्रश सँड.

पंचवटीचा_मुकादम

ताई, क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असते, ती फुगतेही जास्त आणि पाणीही जास्त मागते. म्हणून ठेकेदार वाळू वाढवतात, फिनिश चांगली येते. माझ्या मते 1:1.5:3 क्रश सँडला जमतच नाही, थोडी वाळू वाढवून खडी कमी करावी लागते.

जुना_ओव्हरसियर

मुकादम, खडी कमी करून वाळू वाढवणं वेगळं, खडी तशीच ठेवून वाळू वाढवणं वेगळं. पहिल्यात 250 किलोची मर्यादा पाळता येते, कोडही वाळू-खडीचं प्रमाण दीडपटीपासून अडीचपटीपर्यंत हलवू देतो. दुसऱ्यात सिमेंट पातळ होतं. पण क्रश सँडला नेमकं किती हलवावं यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही. प्रत्येक खाणीची भुकटी वेगळी. इंजिनिअरला विचारून एक घाणा आधी टाकून बघावा.

मखमलाबादकर

सगळ्यांचे आभार. काल बरणी करून पाहिली. क्रश सँडच आहे. ओली 18 सेंटीमीटर, पाण्यात 14. म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. 126 चे 162 घनफूट झाले. ठेकेदाराला बरणी दाखवली तर तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, फक्त पाण्यात टाकून कुणी दाखवलं नव्हतं." दोन फरमे करायला दिलेत, वाळूचा वेगळा. पावणेदोन ब्रास वाळू मागवली, खडी पावणेतीन, गोण्या 72. उरलेल्या पाव ब्रासवर त्याचं अजून म्हणणं आहे की टिपरवाला मोजून देतो त्यापेक्षा साइटवर कमीच भरते, कारण वाटेत हादरे बसून माल खाली बसतो. यावर कुणाचा अनुभव?

देवळालीकर

आहे ना. टिपरच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी आणि मालाची उंची साइटवर, खाली करायच्या आधी मोजायची. खाणीवरचा कागद धरायचा नाही. आमच्याकडे दर वेळी फरक येतो, कधी कमी कधी नाही.

कोथिंबीरवडी

जेवणाचं कुणी बोलेना. पण बरणीचा प्रयोग मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात ठेवणार आहे, काकांना विचारून.

जुना_ओव्हरसियर

ठेवा की. कोरडी, दमट आणि चिंब, एकाच वजनाच्या तीन वाळू तीन बरण्यांत ठेवा. मधली सगळ्यात उंच दिसेल.

शिकाऊ_सिव्हिल

काका, प्लास्टरचं 1.33 अजून राहिलंय. तिथे खडी नाही म्हणून फटी कमी, एवढंच ना? मग भिंतीच्या सांध्यांत शिरणारा माल त्या 1.33 मध्ये आहे की वेगळा?